खुर्चीच्या फटीतल्या गोळ्या

"खुर्ची घ्यायला चाललीस, तर त्या बाई आता बसणार कशावर, एवढं विचारून ये. आणि उत्तर पटलं नाही तर रिकामी परत ये."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा मी टेम्पोवाल्याला फोन लावत होते. एका कानाला फोन, कडेवर ठमी, ठमीच्या मुठीत माझे केस. मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. आमच्या सासूबाईंनी सासऱ्यांबरोबर उभं आयुष्य जुन्या सामानाच्या धंद्यात काढलं. हातगाडी होती तेव्हापासून. त्यांचे काही नेम होते. पाळणा रिकामा आणायचा नाही, त्यात काहीतरी ठेवून आणायचा. आरसा उलटा धरून जिना उतरायचा. आणि घरातली शेवटची खुर्ची घ्यायची नाही. मी शिकलेली बाई. आरशाचं मला पटायचं, कारण उजेड डोळ्यांवर येऊन जिन्यावर पाय चुकतो. बाकीचं मी कानाआड करत असे.

आमचा धंदा साधा आहे. घर बदलणारे, मुलांकडे राहायला जाणारे, नवं घेतलं म्हणून जुनं अडचण झालेले लोक फोन करतात. मी जाऊन बघते, हात फिरवते, खण उघडून वास घेते, पायांशी लाकडाचा भुगा पडलाय का ते बघते, कारण भुगा म्हणजे आत कीड. भाव ठरला की टेम्पो. मागच्या शेडमध्ये नवरा ते उघडतो, खिळखिळे सांधे सोडवून पुन्हा डिंकात बसवतो, घासतो, पॉलिश करतो. मग मी फोटो काढते, जाहिरात टाकते, आणि लोकांचे तेच तेच प्रश्न झेलते. पुढे दुकान, मागे शेड, वर आम्ही. जुना रंग घासायचा तो अंगणात, पाणी मारून आणि ठमी वर असताना, हा माझा नेम. जुन्या रंगात काय काय असतं ते मी वाचलंय आणि वाचल्यापासून मला झोप नाही. नवरा म्हणतो, हिने काळजीचं दुकान काढलं असतं तर एव्हाना चार शाखा झाल्या असत्या.

ज्या बाईंची खुर्ची आणायला मी निघाले होते त्यांना आम्ही ऑपरेटर मावशी म्हणायचो. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन कचेरीत होत्या. बोर्डावर बसून परगावचे फोन जोडून द्यायच्या. आवाज अजून तसाच, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात बोलत उभी राहिले आणि बोलता बोलता ठमीच्या सर्दीपर्यंत पोहोचले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "तीन मिनिटं झाली. वाढवून हवीत का?" परगावचे फोन तेव्हा तीन-तीन मिनिटांनी मोजले जायचे, हे मला कळायला जरा वेळ लागला. मग दोघी हसलो.

खरं सांगायचं तर मावशींमुळे आमचं दुकान त्या वर्षी उभं राहिलं. ठमी पोटात होती तेव्हा मला जिने चढायची बंदी होती. माल येत नव्हता. तेव्हा या बाईंचा फोन आला, जेवणाचं टेबल द्यायचंय. सागवानी, जाड, कुठेही चीर नाही. नवरा जाऊन ते घेऊन आला, आणि त्याच आठवड्यात ते विकलं गेलं. मग काचेच्या दारांचं कपाट. मग बैठकीतलं ठेंगणं टीपॉय. मग पितळी मुठींचा खणांचा ठोकळा. दर थोड्या दिवसांनी एकेक. त्यांचं सामान असं जपलेलं असायचं की नवऱ्याला फार काही करावंच लागायचं नाही. फक्त त्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टीचा डिंक घट्ट बसला होता. तो काढताना नवऱ्याने केरोसीनची चिंधी घेऊन बराच वेळ घालवला आणि वर तोंडाचा पट्टाही चालवला. मी म्हटलं, नातवंडं येत असतील, कोपरे लागू नयेत म्हणून कापूस चिकटवला असेल. आपणही बाळ आलं की तेच करणार आहोत. त्याने मान हलवली आणि विषय संपला.

तर त्या दिवशी मी खुर्ची आणायला गेले. दार उघडायला मावशींना वेळ लागला. आतली खोली आता जवळजवळ रिकामी होती. बोललं की आवाज फिरून यायचा. पलंग, एक लोखंडी कपाट, भिंतीत बसवलेला ओटा, आणि खिडकीशी ती खुर्ची. हातांची, खोल बैठकीची, पाठ जरा मागे झुकलेली. कापड विटलं होतं, बैठक मधोमध खचली होती, पण सांगाडा दणकट होता. मी सवयीने हात धरून हलवून पाहिली. कुरकुर नाही.

सासूबाईंचं वाक्य आठवलं म्हणून विचारलं, "मावशी, मग तुम्ही बसणार कशावर?"

"पलंग आहे की."

"पण खिडकी?"

"खिडकी मी विकत नाहीये," त्या म्हणाल्या.

मी हसले. उत्तर पटलं होतं का? खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. अशा खुर्च्यांना तेव्हा गिऱ्हाईक होतं, दोघे जण माझ्याकडे विचारूनही गेले होते. भावाला मावशींनी नेहमीसारखी खळखळ केली नाही. एरवी त्या शेवटच्या नोटेपर्यंत झुंजायच्या. टेम्पोवाल्याने खुर्ची डोक्यावर घेतली. मावशी दारापर्यंत आल्या, एक हात भिंतीला लावून. जिथे पूर्वी कपाट होतं तिथे भिंत फिकी होती, आणि त्या फिक्या चौकोनावर कमरेच्या जरा वर बोटांचे मळकट ठसे होते, एका ओळीत. मला ते दिसले. मला सगळं दिसतं, तो माझा रोगच आहे. पण दिसलेल्याचं काय करायचं हे लगेच सुचतं असं नाही. मी फक्त एवढं पाहिलं, की त्यांचा चेहरा लालसर आहे आणि कपाळावर आठी आहे. उकडत असेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर नवऱ्याने खुर्ची शेडमध्ये उलटी टाकली. बैठक खचलेली खुर्ची खालून उघडतात. आधी तळाला मारलेलं काळं कापड काढायचं. ते धूळ आणि काथ्या खाली पडू नये म्हणून असतं. त्याच्या आत स्प्रिंगा, त्यांना धरणाऱ्या पट्ट्या, आणि वर काथ्या, कापूस, फोम. बैठक आणि हात यांच्या मधल्या फटीतून माणसाच्या खिशातलं जे जे निसटतं ते सगळं शेवटी त्या काळ्या कापडावर जाऊन साठतं. म्हणून खुर्ची उघडायचा क्षण आमच्याकडे सगळ्यांना बघायचा असतो. केसांच्या पिना, बटणं, पेनांची टोपणं, नाणी. एकदा तर एका सोफ्यातून दातांची कवळी निघाली होती आणि तिचा मालक ती घ्यायला आला तेव्हा तोंड मिटूनच आभार मानून गेला.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. ठमी तिच्या कुंपणात. दोन जुन्या पाळण्यांच्या बाजू जोडून नवऱ्याने ते केलं होतं. ती तेव्हा उभी राहायला लागली होती, गजांना धरून धरून चालायची. मी चहा घेऊन आले आणि नवऱ्याने शेवटच्या पिना उपटून कापड ओढलं.

खाली पडल्या त्या गोळ्या.

मूठभर. पांढऱ्या, पिवळट, काही अर्ध्या गुलाबी. टपटप करत फरशीवर पसरल्या, एक गडगडत थेट कुंपणाकडे गेली. मी चहा कुठे ठेवला ते मला आजही सांगता येणार नाही. मी ठमीचं तोंड उघडून दोन्ही गालांत बोट फिरवलं. बिस्किटाचा लगदा होता, बाकी काही नाही. तिने माझ्या बोटाला कचकन चावा घेतला. गडगडलेली गोळी गजांच्या अलीकडेच थांबली होती. तरी मी ठमीला उचलून वर नेलं, तोंड धुतलं, पुन्हा पाहिलं, आणि खाली येऊन फरशी दोनदा झाडली. नवरा म्हणाला, अगं, चाव्याची खूण बघ, पोरगी ठणठणीत आहे.

मग आम्ही त्या गोळ्या वर्तमानपत्रावर घेतल्या.

नवऱ्याचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाच्या हातून पडतात, डोळ्यांना दिसत नाही, फटीत जातात. मलाही तेच वाटलं असतं. पण गुलाबी गोळ्यांचा रंग एका बाजूने गेला होता. पांढऱ्यांपैकी कितीतरी कडेने विरघळून पुन्हा वाळल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या. दोन गोळ्यांवर तर काथ्याचे धागे बसले होते, ओल्यावर बसतात तसे. हातातून पडलेली गोळी कोरडी असते. या तोंडात जाऊन आल्या होत्या.

आणि हे मला कळलं त्याला कारण ठमी. ठमीला तापाचं औषध दिलं की ती शहाण्यासारखी तोंड मिटते. माझ्याकडे बघून हसतेसुद्धा. मग मी वळले की उशीच्या मागे जाऊन गालातलं सगळं हळूच सोडते. आमच्या उशीला त्या गुलाबी डागाचा नकाशा आहे.

"या लपवल्यात," मी म्हटलं. "कोणीतरी समोर उभं राहून देतंय, आणि ते वळलं की या फटीत सरकवतायत."

नवऱ्याने पटाशी खाली ठेवली. 'मी म्हटलं नव्हतं का' हे सासूबाईंना सहज म्हणता आलं असतं, आणि एरवी मीठ कमी पडलं तरी त्या ते म्हणतात. त्या दिवशी फक्त विचारलं, "ती एकटी असते ना गं?"

एकटी. नवरा नाही, मूलबाळ नाही. खालच्या मजल्यावर भाची राहायची, ती सकाळ-संध्याकाळ येऊन गोळ्या द्यायची, हे मावशींनीच मला सांगितलं होतं. आणि मूलबाळ नाही हे डोक्यात आलं तसं ते टेबल आठवलं. कोपऱ्यांवर चिकटपट्टी. नातवंडं कुठली? ज्या घरात मूल येत नाही त्या घरात टेबलाचे कोपरे कोणासाठी झाकले होते?

एकेक सामान ओळीने डोळ्यांपुढे आलं. आधी कोपऱ्यांचं टेबल. मग काचेचं कपाट. मग पायात येणारं टीपॉय. मग खणांचा ठोकळा, ज्याच्या पितळी मुठी मांडीला लागतात. ठमी चालायला लागली तशी आमच्या वरच्या खोलीतून मी अगदी याच क्रमाने वस्तू बाहेर काढल्या होत्या. मावशी अडचण झालेलं सामान विकत नव्हत्या. त्या पडत होत्या, आणि पडल्यावर लागेल असं सगळं एकेक करून घराबाहेर काढत होत्या. आणि आम्ही दर वेळी खुशीत टेम्पो घेऊन जात होतो.

पहिला विचार आला तो भाचीला फोन करायचा. तिचा नंबर माझ्याकडे होता, कपाट उतरवताना खालच्या फाटकाची किल्ली तिच्याकडूनच घेतली होती. पण मावशींनी एकदा बोलता बोलता सांगितलेलं मनात आलं. भाची चांगली आहे, फार करते, पण म्हणते की आत्या एकदा जरी पडलीस तर मी तुला वृद्धाश्रमात नाव घालणार, माझ्याच्याने जिवाला घोर लावून नोकरी होत नाही. हसत सांगितलं होतं, पण आदल्या दिवशी खुर्चीचा भाव करताना त्या हसत नव्हत्या. मी त्यांच्या आधी भाचीला सांगितलं तर त्यांचं घर जाणार. नाही सांगितलं तर गोळ्या बंदच राहणार, आणि तो लालसर चेहरा मला आता काही उकाड्याचा वाटत नव्हता.

"आधी त्या बाईंकडेच जा," सासूबाई म्हणाल्या. "ठमीला ठेव माझ्याकडे. गोळ्या घेऊन जा."

मी औषधाच्या दुकानातून जाते म्हटलं, कशाच्या आहेत विचारते. नवऱ्याने स्कूटर काढली. दुकानदाराने कागद उलगडून पाहिला, एकदोन गोळ्या चिमट्याने उलटल्या आणि सांगितलं, या रक्तदाबाच्या दिसतात, निदान दोन प्रकारच्या. एकाएकी बंद करायच्या नसतात. कोणाच्या आहेत? त्याने विचारलं आणि मी उत्तर न देताच बाहेर पडले.

दार उघडायला या वेळी आणखी वेळ लागला. मावशी पलंगावरून उठून आल्या होत्या, डोकं एका बाजूने दाबून धरलेलं. मला बघून म्हणाल्या, "काय गं, खुर्चीत कीड निघाली का? परत घेणार नाही मी."

मी कागद उलगडून त्यांच्यापुढे धरला.

बोर्डावर बसणाऱ्या बाईला काय काय ऐकून चेहरा तसाच ठेवायची सवय असते, पण त्या पलंगावर बसल्या. मग आधी भाचीला सांगितलंस का ते विचारलं. नाही म्हटल्यावर खांदे जरा सैल झाले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मागे पोटाच्या दुखण्यासाठी चार दिवस इस्पितळात होत्या. येताना तिथल्यांनी एक नवी गोळी दिली. जुन्या चालूच होत्या. त्यानंतर उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा टेबलाच्या कोपऱ्यावर पडल्या, बरगडी महिनाभर दुखली. भाचीला सांगितलं, झोपेत आखडलंय. मग कोपऱ्यांना पट्ट्या लावल्या, मग टेबल काढलं. तरी अंधारी यायचीच. शेवटी त्यांनीच गणित मांडलं. गोळ्या घेतल्या की पडते, पडले की घर जातं. म्हणून गोळ्याच नाहीत. भाची समोर उभी राहून पाणी द्यायची, 'आ कर' म्हणायची. जिभेखाली सरकवायला त्या आठवड्याभरात शिकल्या.

"आता पडत नाही मी," त्या म्हणाल्या. "बघ, सरळ चालते."

"भिंत धरून."

त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

"आणि डोकं?"

"ते दुखतं."

"कधीपासून?"

त्यांनी गोळ्यांचा कागद दुमडला. मी त्यांच्याशेजारी बसले. मला तेव्हा खरोखर रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम, ठमी गच्चीच्या दाराशी सापडते तेव्हा येतो तसा. मी खुर्चीबद्दल विचारलं. ती का विकलीत? तिला तर कोपरे नाहीत.

"तिच्यातून उठता येईना," मावशी म्हणाल्या. "बैठक खाली गेली ना. गुडघे वर, कंबर खाली. परवा दुपारी बसले ती भाची येईपर्यंत तशीच. वाचत बसले होते म्हटलं. हातात पुस्तकही नव्हतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या फटीतल्यांचं लक्षातच नाही राहिलं बघ. मला वाटलं, त्या खालून कुठेतरी जातात."

मी हसले, आणि हसताना डोळे पुसले. मग म्हटलं, मावशी, मी भाचीला काही सांगणार नाही. पण डॉक्टरांना तुम्ही सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर. तुम्ही नाही सांगितलंत तर मात्र मी भाचीला आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगेन.

"धमकी देतेस?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, ही लाइन तुटली. मग त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. डॉक्टरांकडे फोन घेणाऱ्या बाईने थांबा म्हटल्यावर मावशींच्या आवाजाने एकदम ताठ होऊन सांगितलं, "बाई, मी थांबते, पण तुम्ही आत सांगा की पेशंटने महिनाभर रक्तदाबाच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत आणि डोकं दुखतंय. मग कोण कोणाला थांबवतं बघू." दुसऱ्या क्षणी डॉक्टर लाइनवर होते.

त्यांनी लगेच आणायला सांगितलं. नवरा खाली स्कूटरपाशीच उभा होता, त्याने रिक्षा आणली. मावशींचा दाब इतका चढला होता की डॉक्टरांनी दोनदा मोजला, मग मशीन बदलून तिसऱ्यांदा. आकडा मी सांगत नाही. त्या दिवशी त्यांना तिथेच ठेवून घेतलं. जुने कागद मागवून पाहिल्यावर गोष्ट उघड झाली. इस्पितळाची नवी गोळी आणि घरातली जुनी, दोन्ही एकाच कामाच्या होत्या, नाव तेवढं वेगळं. दोन्ही मिळून दाब जास्तच खाली जात होता, म्हणून अंधारी. मावशींचं गणित चुकीचं नव्हतं, पण त्यांनी ते एकटीने सोडवलं होतं. एक गोळी कमी करून, वेळ बदलून काम झालं असतं. फक्त कोणीतरी 'मला अंधारी येते' एवढं म्हणायला हवं होतं, आणि ते ऐकणाऱ्याने पुढे वृद्धाश्रम म्हणायला नको होतं.

भाचीला मावशींनी स्वतः सांगितलं. मी दाराबाहेर होते. आधी भाचीचा आवाज चढला, मग एकदम बंद झाला. जरा वेळाने ती बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि मला म्हणाली, "मी तिला आ करायला लावायची. लहान मुलासारखं." मी म्हटलं, ताई, मी ठमीला रोज लावते, तरी तीही फसवतेच.

आता खुर्चीचं सांगायला हवं.

ती विकायचा प्रश्नच उरला नव्हता. आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं, ती गेली. नवऱ्याने ती पूर्ण उघडली. ढिल्या पट्ट्या काढून नव्या ताणून मारल्या, स्प्रिंगा सुतळीने पुन्हा बांधल्या, वर काथ्या आणि त्यावर जाड कडक फोम. माणूस बसला तर बुडू नये, टेकावा. पायांना त्याच लाकडाचे तुकडे डिंक आणि खुंट्या घालून जोडले, त्यामुळे बैठक गुडघ्याच्या वर आली. आणि हात पुढच्या बाजूने वाढवले, गोल करून, उठताना तळवा टेकवून जोर देता येईल असे. बैठक आणि हात यांच्यातली फट मात्र त्याने कापड आत घेऊन शिवून बंद केली. मला म्हणाला, हे मुद्दाम. मी म्हटलं, ठमीच्या उशीचंही काहीतरी कर.

मावशी घरी आल्या त्या दिवशी आम्ही सगळेच गेलो, सासूबाईंसुद्धा. खुर्ची खिडकीशी ठेवली. मावशी बसल्या. मग हात टेकवून उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा भाची हसायला लागली. मग भाव सुरू झाला. मावशींना दुरुस्तीचे पैसे द्यायचे होते, नवरा घेईना, मग त्या रक्कम वाढवत गेल्या आणि हा कमी करत गेला. सासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं धंदा केला, गिऱ्हाईक वर चढतंय आणि दुकानदार खाली उतरतोय असं कधी पाहिलं नाही, दुकान बुडवणार हा. शेवटी ठरलं ते असं, की मावशींनी पैशाऐवजी काम द्यायचं.

नवऱ्याने भिंतीवर, जिथे त्या बोटांच्या ठशांची ओळ होती, बरोबर तिथेच एका जुन्या पलंगाची आडवी पट्टी रंधून, गुळगुळीत करून, मोठ्या स्क्रूंनी पक्की बसवली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. मावशींनी तिला पहिल्यांदा धरलं तेव्हा ठमी खाली होती, भाचीचं बोट सोडून तिने दोन पावलं टाकली. मी धावले. मावशी म्हणाल्या, "अगं, पडू दे. इथे आता लागण्यासारखं काही उरलंय का? सगळं तर तूच नेलंस." ठमी पडली नाही. पलंगाला धरून उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघून टाळ्या वाजवायला गेली तेव्हा मात्र पडली.

पैशाऐवजी काम, ते असं. दुकानाचा फोन आता मावशी घेतात, त्या खिडकीत बसून. लोक सामान द्यायला फोन करतात तेव्हा त्यांना आधी तो स्वच्छ आवाज ऐकू येतो. काय विकायचंय, किती जुनं आहे, जिना किती रुंद आहे, हे सगळं त्या विचारतात. आणि सामान बसायचं किंवा झोपायचं असेल तर आणखी एक विचारतात: यावर कोण बसायचं, आणि आता ते कुठे बसणार? काही जण चिडतात, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. काही जण मात्र गप्प होतात. मग मावशी म्हणतात, "मी लाइनवर आहे." एकदा एका गृहस्थांशी त्या अर्धा तास बोलल्या, पलंग शेवटी आलाच नाही, आणि मी कुरकुरले तर म्हणाल्या, तीन मिनिटांचा नेम आता मी मोडलाय.

मी त्यांचे आभार मानायला गेले की त्या वैतागतात. म्हणतात, उलट आहे ते. पण माझ्या दृष्टीने उलट नाही. आमचं दुकान ज्या सामानावर उभं राहिलं ते त्यांनी पडत पडत मला दिलं होतं, आणि मी ते घेतलं होतं. त्या वाचल्या हे माझ्यावरच उपकार झालेत. नाहीतर मी दर वेळी त्या सागवानी टेबलाचा जुना फोटो बघून काय केलं असतं, कोण जाणे. सासूबाईंचेही आभार मानले. त्या म्हणाल्या, "बरं. आता डाळीत मीठ घाल."

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. आत्या, काका, शेजारच्या बाई, पूर्वीचे मास्तर. हल्ली त्यांचं घर जरा मोकळं दिसायला लागलंय का? एखादं टेबल, एखादं कपाट 'नको होतं म्हणून' गेलंय का? भेटायला जा. भिंतीकडे बघा. बसायला सांगतील तेव्हा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसा, बोलत राहा आणि बैठकीच्या कडेच्या फटीत हळूच बोटं घाला. बटण निघालं तर बटण द्या. दुसरं काही निघालं तर रागवू नका, लगेच कोणाला फोनही करू नका. आधी त्यांनाच विचारा, उठल्यावर काय होतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा, तीन मिनिटांहून जास्त लागली तरी.